बोक्यांच्या मारामारीतलं गळू आणि 'आपोआप फुटतं'वाला फॉरवर्ड

"मांजरांची भांडणं झाली की घाबरू नका. चावा छोटा असतो, मांजर स्वतः चाटून बरी करते, तिच्या लाळेतच औषध असतं. गाठ आली तर ती मुक्या माराची सूज, ती आपोआप फुटते आणि फुटली की विषय संपला. वरून हळद किंवा घरातलं अँटिसेप्टिक लावा, दुखत असेल तर पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या. डॉक्टरकडे उगाच पैसे घालवू नका. सगळ्या मांजरप्रेमींना पाठवा."

पाठवलाच आहे सगळ्यांनी. गेल्या आठवड्यात मला तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला, त्यातले एक तर पेशंटचे मालक, बोक्याला टेबलावर ठेवून मोबाईल दाखवत होते. मी मांजरांचीच प्रॅक्टिस जास्त करतो, आणि थंडी सरत आली की बोक्यांचे राडे सुरू होतात तेव्हा आमच्याकडे गळवांची लाईन लागते, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

लाळेपासून सुरू करू. लाळेत जंतू मारणारी थोडीफार द्रव्यं असतात, तेवढं खरंय. पण त्याच तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू मुक्कामाला असतो, आणि हिरड्यांच्या कडेला हवा न लागता वाढणारे बाकीचे बरेच. चावणाऱ्याने हेच सगळं आत सोडलेलं असतं, आता चावून घेतलेला स्वतःची तसलीच लाळ वरून लावणार, यात औषध कुठंय? शिवाय जीभ पोचली तर पाहिजे ना. समोरासमोर भिडलेल्या बोक्यांना चावे बसतात गालावर, मानेवर, पुढच्या पायांवर. स्वतःचा गाल आणि मान कुठलं मांजर चाटतं? पळता पळता चावा बसला तर तो कमरेवर नाहीतर शेपटीच्या मुळाशी असतो (शेपटीच्या मुळाशी गाठ दिसली की मालकांना मी सांगतो, तुमचा वाघ पळत होता बरं का). आणि जिथे जीभ पोचते तिथे ती खरखरीत जीभ घासून घासून जखम अजून मोठी करते.

आता चावा छोटा असतो हे. छोटा असतो म्हणूनच तर सगळा घोळ. कुत्रा चावला की कातडी फाटते, रक्त येतं, घाबरून तुम्ही लगेच धावता. मांजराचा सुळा बारीक, टोकदार आणि साधारण सेंटिमीटरभर लांब, तो इंजेक्शनच्या सुईसारखा आत जातो, जंतू खाली सोडतो आणि बाहेर येतो. वर राहतं एक बारीक भोक, केसांत दिसतही नाही, फार तर थोडे केस चिकटलेले, एक खपली. ते भोक एकदोन दिवसांत मिटतं. मालक म्हणतात जखम भरली, पण भरलेली नसते, तोंड बंद झालेलं असतं. आत हवा नाही आणि चिरडलेलं मांस आहे, म्हणजे हवा न लागणाऱ्या जंतूंना पाहिजे तसं घर मिळालं. शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या लढतात, मरतात, त्याचा पू होतो आणि पूला बाहेर पडायला वाट नसते. मांजराची कातडी खालच्या मांसाला घट्ट धरून नसते, मानेवर चिमटीत धरून बघा किती उचलली जाते, त्यामुळे पू त्या सैल जागेत पसरत खाली उतरतो. म्हणून कधी कधी चावा एकीकडे आणि फुगवटा दुसरीकडे.

मुका मार आणि गळू यातला फरक घरीही बऱ्यापैकी कळतो. माराची सूज लगेच येते आणि एकदोन दिवसांत उतरायला लागते. गळू उलटं, पहिले दोन दिवस काहीच नाही आणि मग तिसऱ्या चौथ्या पाचव्या दिवशी अचानक फुगवटा, हाताला गरम, मांजर हात लावू देत नाही, आधी कडक लागतो आणि नंतर मधे मऊ, दाबलं तर आत पातळ काहीतरी हलल्यासारखं. खरं तर गाठ दिसायच्या आधीच मांजर बदललेलं असतं, पलंगाखाली जाऊन बसतं, जेवत नाही, लंगडतं. निरोगी मांजराचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, गळवात ते १०३-१०४ च्या पुढे सहज जातं. कान गरम लागतात म्हणजे ताप असं धरू नका, ताप थर्मामीटरनेच कळतो आणि तो गुदद्वारात घालावा लागतो, जमत नसेल तर घरी प्रयोग नको.

फुटण्याबद्दल फॉरवर्डवाल्याला थोडे मार्क देतो, बरीच गळवं खरंच आपोआप फुटतात आणि काही तेवढ्यावर बरीही होतात. पण संपलं म्हणून सोडून दिलेल्यांचं काय होतं ते एका केसमधून सांगतो. भगवा बोका, टायगर, न्यूटर केलेला नाही, कोथरूडात तळमजल्यावर राहणारा. शनिवारी रात्री मारामारी. रविवारी घरच्यांनी बघितलं तर गालाखाली केस चिकटलेले, बाकी काही नाही. सोमवारी नुसता झोपून. मंगळवारी डावा गाल फुगला, घरच्यांना वाटलं दाढ दुखतेय, तेवढ्यात हा फॉरवर्ड आला, मग तेल-हळद. बुधवारी रात्री फुटलं, चादरभर पू, वास असा की खोली सोडावी लागली (हवा न लागणाऱ्या जंतूंचाच तो वास). पण पू गेला, दाब उतरला, टायगर लगेच जेवला, सगळे खूश. चार दिवसांनी गाल परत फुगला, यावेळी जबड्याच्या खालपर्यंत, आणि जेवण पूर्ण बंद. तेव्हा आणला, ताप १०४.२.

झालं काय होतं तर फुटायची जागा शरीराने निवडली होती, जिथे कातडी सगळ्यात पातळ झाली तिथे, गालावर. पूची पिशवी मात्र खाली गळ्यापर्यंत उतरलेली. वरच्या भोकातून वरचा पू गेला, खालचा तसाच राहिला आणि पिशवी आतून भरून यायच्या आधीच भोक मिटलं. गालावरची रुपयाएवढी कातडी काळी पडून मेली होती, कारण आतल्या दाबाने तिचा रक्तपुरवठा तुटलेला. आम्ही त्याला भूल दिली, केस काढले, पिशवीच्या सगळ्यात खालच्या टोकाला चिरा दिला म्हणजे पू आपल्या वजनाने वाहत राहील, मेलेली कातडी कापून काढली आणि सलाईनने आतून धुतलं, पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत. पिशवी मोठी होती म्हणून मऊ रबराची नळी, ड्रेन, ठेवली, ती चौथ्या दिवशी काढली. अँटिबायोटिक, मांजराला चालणारं दुखण्याचं औषध, गळ्यात कॉलर. घरी काम एवढंच की कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड दिवसातून दोनतीनदा धरायचं, म्हणजे वर खपली धरून तोंड लवकर बंद होत नाही. तीन आठवडे गेले भरून यायला. मंगळवारी आणला असता तर एक छोटा चिरा आणि आठवडाभर गोळ्या, आणि रविवारीच आणला असता तर कदाचित चिराही लागला नसता, कारण पहिल्या २४ तासांत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तर बऱ्याचदा गळू धरतच नाही. एकदा पू साठला की मात्र नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. पूच्या पिशवीत रक्तवाहिन्या नसतात, औषध आत पोचणार कसं? म्हणून घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक देऊन बघितली, फरक नाही पडला, हे वाक्य मी सारखं ऐकतो.

आणि सगळेच नशीबवान नसतात. छातीवरचा चावा खोल गेला तर पू फुफ्फुसाच्या बाहेर साठतो आणि श्वास लागतो, सांध्याजवळचा सांध्यात नाहीतर हाडात जातो. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात, मग कोणीतरी गुरांना घालतात तसं टर्पेंटाइन ओततं, मांजराला तेही विषारी.

आता घरगुती उपाय. हळदीने नुकसान विशेष नाही, उपयोगही नाही, आजार कातडीखाली आहे आणि हळद केसांवर. पण तेल-हळदीचा लगदा भोकावर बसला की ते आणखी पक्कं बुजतं. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं ते अँटिसेप्टिक मात्र मांजराला लावूच नका, ती औषधं पचवायची व्यवस्था मांजराच्या लिव्हरमध्ये फार कमी असते आणि लावलेलं सगळं चाटून पोटात जातं. हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस छान येतो पण भरत आलेलं मांस जळतं. दवाखान्यात पोचेपर्यंत काही करायचंच असेल तर साधं सलाईन, बस. आणि पिळू नका प्लीज, पू बाहेर येण्याऐवजी आत पसरतो.

पाव गोळीवाल्या वाक्याचा मात्र मला खरंच राग येतो. पॅरासिटामॉल मांजराला मारतं. पाव, अर्धी, लहान मुलांचं सिरप, कुठलाच डोस सेफ नाही. त्याच लिव्हरच्या कारणाने ते विषारी रूपात साठतं आणि रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबवतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. दिली गेलीच असेल तर वाट बघत बसू नका, त्याच तासाला निघा आणि कधी आणि किती दिली ते लपवू नका, त्याचा उतारा मिळतो पण वेळेत पोचलात तर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक हीही मांजराला विषारीच.

पैशाचं म्हणाल तर जनावरांचा सरकारी दवाखाना आहे, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, महागड्या क्लिनिकमध्येच जा असं कोणी म्हणत नाही.

फॉरवर्डमध्ये नसलेल्या दोन गोष्टी. चाव्यातून एफआयव्ही हा मांजरांचा विषाणू पसरतो, माणसाला होत नाही पण मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू जाते. त्याची टेस्ट भांडणाच्या दुसऱ्या दिवशी करून उपयोग नाही, साधारण दोन महिन्यांनी करावी. दुसरं रेबीज. चावणारं मांजर अनोळखी असेल तर आपल्या मांजराची लस आधी झालेली असली तरी डॉक्टरांना सांगा, पुन्हा डोस लागतात. आणि भांडण सोडवताना तुम्हाला चावलं आणि रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा, रेबीजची लस आणि सीरम दोन्हीसाठी. हातात सुळा घुसला की पाश्चुरेला माणसालाही सोडत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत हात सुजून लाल होतो.

बोका न्यूटर केला की मारामाऱ्या बऱ्याच कमी होतात, टायगरचं ते जखम भरल्यावर केलं. आणि नीट चिरा देऊन, औषधं पूर्ण करूनही त्याच जागी परत परत गळू येत असेल तर तिसऱ्यांदा तीच गोळी मागू नका, आत दाताचा तुटलेला तुकडा किंवा नख राहिलंय का, हाडात गेलंय का, एफआयव्ही आहे का हे बघावं लागतं आणि पू कल्चरला पाठवावा लागतो.