K म्हणजे गोव्याची क्षमता नव्हे

«गोव्याची लोकसंख्या लॉजिस्टिक समीकरणात घातली की K = 15.9 लाख येतो. याहून जास्त माणसं आपली जमीन आणि पाणी पोसूच शकत नाही. 2035 ला आपण तिथं पोचणार आणि पाणी संपणार. बाहेरच्यांना आताच थांबवा. गणित खोटं बोलत नाही!»

हा मजकूर डिचोलीच्या आमच्या काकांनी वाचला आणि भाडेकरू कुटुंबाला खोली रिकामी करायला सांगितली. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी आकडा कुठून आला ते बघा. समीकरण आहे dP/dt = rP(1 − P/K). P म्हणजे लोकसंख्या, t म्हणजे काळ, r म्हणजे वाढीचा दर आणि K म्हणजे लोकसंख्या शेवटी जिथे टेकते तो आकडा. यात u = 1/P ठेवलं की ते सोपं होतं: du/dt = −r(u − 1/K). म्हणजे u आणि 1/K यांच्यातलं अंतर दर दशकात एकाच पटीने घटतं. त्यातून उत्तर निघतं P = K/(1 + Ae^(−rt)). यात A हा सुरुवातीच्या लोकसंख्येवरून ठरणारा स्थिर आकडा. A, r आणि K हे तीनच अज्ञात आहेत, त्यामुळे तीन जनगणना पुरतात. 1991 चे 11,69,793, 2001 चे 13,47,668 आणि 2011 चे 14,58,545 घ्या. दुसऱ्या दशकातली u ची घट पहिल्याच्या बरोबर निम्मी निघते आणि K येतो 15.9 लाख. आकडेमोड चुकलेली नाही.

पण 2011 सोडून 1981 चे 10,07,749 घेतले तर? आता दुसरी घट पहिलीच्या 0.82 पट, आणि K जातो सुमारे 44 लाखांवर! गोवा तेवढाच, रीत तीच. जमीन-पाण्याचा एकही आकडा समीकरणात घातलेला नसताना K त्यांची मर्यादा सांगेल कशी? तो फक्त निवडलेल्या तीन बिंदूंतून जाणारी रेषा कुठे टेकते ते सांगतो. तीच 15.9 लाखवाली रेषा मागे नेली तर 1971 ला 6.5 लाख दाखवते. जनगणनेत होते 7,95,120.

पर्ल आणि रीड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये याच वक्राने अमेरिकेची कमाल लोकसंख्या 19.7 कोटी काढली होती. 1970 च्या जनगणनेत ती 20 कोटींच्या वर होती.

2035 चं तर सोडाच. या उत्तरात P कधीच K ला पोचत नाही, नुसता जवळ जात राहतो.

वाढ मंदावली, एवढं खरं. 2001 ते 2011 मध्ये ती 8.23 टक्के होती, त्याआधी 15 टक्के. पण गोव्यात एका बाईमागे सरासरी दीडपेक्षा कमी मुलं होतात, ती काही भूक आणि तहानेमुळे नव्हे. मे महिन्यात नळ कोरडे पडतात हेही खरं, मात्र तेव्हा हॉटेलं भरणारे पर्यटक P मध्ये मोजलेलेच नसतात. आणि माणसांची ये-जा या समीकरणात मुळात कुठेच नाही, मग त्यातून भाडेकरूंबद्दल काय सिद्ध होणार? काका, त्या कुटुंबाला खोलीत राहू द्या.