केळ्याचे काप वरून कडक, आतून ओले: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

आमच्या खाद्यपदार्थ वाळवायच्या मशीनबद्दल ग्राहकाचा अभिप्राय, २ तारे: «पाचही ट्रे एकदम भरले. सगळ्यात खाली उडदाचे पापड, त्यावर पुदिना, वरच्या तीन ट्रेंमध्ये बटर पेपरवर केळ्याचे काप. ७० अंशांवर ठेवलं आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सहा तासांनी काढलं. पापड वाकडे होऊन तडकले, पुदिना काळा पडला. काप हाताला कडक लागले म्हणून बरणीत भरले, तर पाचव्या दिवशी बुरशी! एवढे पैसे घालून काय उपयोग?»

नमस्कार ताई,

तुमचं सामान वाया गेलं याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यात आमची चूक आहे, ती आधी सांगते. पुस्तिकेत आम्ही ‘केळी: ६ ते ८ तास’ एवढंच छापलं होतं. काप किती जाडीचे आणि तापमान किती, हे त्या ओळीत नव्हतं. या दोन गोष्टींशिवाय तासांच्या आकड्याला अर्थ नाही. नव्या छपाईत ती ओळ बदलली आहे.

तुमचा अभिप्राय वाचल्यावर मी याच मॉडेलमध्ये तुमच्यासारखाच घाणा लावला. एका ट्रेवर बटर पेपर घालून २०० ग्रॅम काप ठेवले, ७० अंश, सहा तास. बाहेर काढल्यावर ते बोटाला टणक लागले, मलाही झालेच वाटले असते. पण वजन भरलं ९६ ग्रॅम. केळ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणजे २०० ग्रॅममध्ये कोरडा गर ५० ग्रॅमच. बाकीचे ४६ ग्रॅम पाणी अजून आतच होतं. एक काप सुरीने मधोमध कापला तेव्हा कडेला तपकिरी कवच आणि मध्ये चकाकणारा ओला गर दिसला. बरणीत हेच पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, काप मऊ पडतात आणि बुरशी धरते.

असं होतं ते जास्त तापमानामुळे. काप वाळतो तेव्हा पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि आतलं पाणी सावकाश वर येऊन त्याची जागा घेतं. ७० अंशांना वरचं पाणी इतक्या झपाट्याने जातं की आतलं पोचायच्या आत वरचा थर आवळून कडक होतो, आणि मग आतल्या पाण्याची वाटच बंद होते. त्यामुळे आच वाढवून वेळ वाचत नाही. फळांना ५५ ते ६० अंश पुरतात.

दुसरी अडचण बटर पेपरची. या मशीनचा पंखा तळाशी आहे आणि गरम हवा जाळीतून जाळीत वर चढते. पूर्ण ट्रेभर कागद घातला की हवा तिथेच अडते. कापाची खालची बाजू कागदावर ओलीच राहते आणि वरच्या ट्रेंना उरलीसुरली हवा मिळते. माझ्या घाण्यातही सगळ्यात वरच्या ट्रेचे काप उलटे केले तर खालून चिकट होते. काप जाळीला चिकटतात हे खरं, पण तासाभराने एकदा उलटवले की सहज सुटतात. कागद फक्त पातळ पोळीसारखं पसरायच्या गरासाठी ठेवा, आणि तोही कडेने हवेला जागा सोडून.

काप एकमेकांना टेकू देऊ नका. दोन कापांमध्ये बोटभर नाही तरी अर्ध्या बोटाएवढी फट हवी, आणि कापाचा माथा वरच्या ट्रेच्या जाळीला लागता कामा नये. दर दोन तासांनी खालचा ट्रे वर आणि वरचा खाली करा. खालचे ट्रे पंख्याजवळ असल्याने नेहमी आधी वाळतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण तळाशी पंखा असलेल्या कुठल्याही मशीनला ते चुकत नाही.

मग मी दुसरा घाणा लावला. त्याच फण्यातली केळी, काप सहा मिलिमीटरचे, कागद नाही, ५५ अंश. सहा तासांनी २०० ग्रॅमचे ८८ ग्रॅम झाले होते, दहा तासांनी ६२. मी ६० च्या आसपास थांबते. काप गार झाल्यावर वाकवला तर चामड्यासारखा वाकतो, तुटलेल्या जागी दाबलं तर ओल बोटाला लागत नाही. तुम्हीही एका ट्रेचं वजन सुरुवातीला लिहून ठेवा आणि केळ्याचं ते तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलं की मगच थांबा. दमट हवेत हेच काम दोन-तीन तास जास्त घेतं, म्हणून घड्याळापेक्षा वजनकाट्यावर माझा जास्त विश्वास आहे. काप गरम असताना तपासू नका, गरम काप ओलाच भासतो. गरम भरूही नका, वाफ बरणीला आतून धरते. पूर्ण गार झाल्यावर काचेची बरणी दोन तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. काचेवर थेंब किंवा धुकं दिसलं तर लगेच पुन्हा मशीनमध्ये टाका. बुरशी दिसली तर मात्र अख्खी बरणी टाकून द्यायची, वरवरचे काप काढून चालत नाही.

पुदिन्याला ७० अंश फारच जास्त. त्याचा वास ज्या तेलांत असतो ती तेलं उष्णतेने उडून जातात, म्हणून ३५ ते ४० अंशांवर ठेवा. धुतल्यावर पानं फडक्यावर अगदी कोरडी करा, ओल्या पानांना काळे डाग पडतात. पान बोटांत चुरडलं आणि देठ कट्‌कन मोडला की झालं. वाळलेली हलकी पानं पंख्याने उडतात, म्हणून वरून एक रिकामी जाळी ठेवा.

उडदाचे पापड आपण सावलीत वाळवतो त्यामागे कारण आहे. कड मधल्या भागापेक्षा पातळ असते, ती आधी आवळली की पापड वाटीसारखा वळतो आणि पुढे तडकतो. तुमचे तर पंख्याच्या थेट वर होते. ४० अंशांवर, एकावर एक न येता पसरून ठेवा, दर अर्ध्या तासाने उलटवा आणि हलकेच वाकवल्यावर न मोडता वाकेल अशा बेताला काढा. मग चळत करून वर वजन ठेवा, म्हणजे उरलेली ओल कडेपासून मध्यापर्यंत सारखी होते आणि पापड सपाट राहतात. त्यासाठी पापडांचा घाणा वेगळाच लावावा लागतो. फळं, पुदिना आणि पापड एका आचेवर निभत नाहीत.

एक गोष्ट मला तुमच्याकडून हवी आहे. रिकाम्या मशीनच्या मधल्या ट्रेवर ओव्हनचा तापमापक ठेवा, ५५ वर लावा आणि अर्ध्या तासाने दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन वेळा आकडा बघा. आकडा थोडा वरखाली होणं ठीक आहे. तिन्ही वेळा ६० च्या वर किंवा ५० च्या खाली आला तर तुमच्या मशीनचा थर्मोस्टॅट बिघडलेला आहे. तो आम्ही बदलून देऊ, नेण्या-आणण्याचा खर्च आमचा. तापमापक नसेल तर तसं इथेच कळवा, मी पाठवते.