मामाचा न वटलेला चेक आणि परदेशी कोर्ट

सकाळपासून एकच मेसेज तीनदा आला. परदेशी कोर्टानं म्हणे आपला आरोपी द्यायला नकार दिला, आपले तुरुंग वाईट म्हणून. 'हे कोण आम्हाला शिकवणारे?' पाठवणारा जुना मित्र आहे, म्हणून ब्लॉक न करता इथे लिहितोय.

राग मलाही येतो रे. माझ्या मामाला भागीदारानं बुडवलं आणि तो देश सोडून पळाला. मागे राहिला एक न वटलेला चेक. मामा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वकिलाकडे गेला. वकील म्हणाले, "काका, चेक न वटणं आपल्याकडे गुन्हा. तो बसलाय त्या देशात ती नुसती थकलेली उधारी. तिथे जो गुन्हाच नाही, त्यासाठी ते माणूस देणार नाहीत."

"म्हणजे सुटला?"

"नाही. पैसे घेताना त्यानं खोटा ताळेबंद दाखवला होता ना? ते लिहा. फसवणूक दोन्हीकडे गुन्हा. कलमाचं नाव जुळावं लागत नाही, केलेलं कृत्य जुळावं लागतं."

आणि मामाच्या केसच्या फायलीत काय होतं? चेक, बँकेचा मेमो, पुन्हा चेक! ताळेबंदाचा उल्लेखसुद्धा नाही. मला त्या परदेशी न्यायाधीशापेक्षा या फायलीचा जास्त संताप येतो.

आता तुरुंगाचं. अबू सालेम आठवतोय? १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला हा आरोपी पोर्तुगालमध्ये पकडला गेला. तिथे फाशीही नाही, जन्मठेपही नाही. 'आमचा आरोपी आहे, द्या' एवढ्यावर त्यांनी तो दिलाच नसता. डिसेंबर २००२ मध्ये आपल्या सरकारनं लेखी हमी दिली: फाशी नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. मग २००५ मध्ये तो हाती आला. २०१७ मध्ये बॉम्बस्फोट खटल्यात जन्मठेप झाली, तरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २५ वर्षं भरली की शब्द पाळून सोडावं लागेल. ऐकताना घशात अडकतं, कबूल. पण हमी दिली नसती, तर तो आज लिस्बनमध्ये मोकळा फिरत असता.

तुरुंगाची हमीही तशीच द्यावी लागते. 'आमच्याकडे सगळं ठीक आहे' या वाक्यावर कोर्ट विश्वास ठेवत नाही. कुठला तुरुंग, कुठली बराक, माणशी किती जागा, डॉक्टर कधी येतो, मारहाण होणार नाही याची जबाबदारी कोणाची, हे विचारतात. मोघम लिहिलं की आरोपीचा वकील आपल्याच कोठडीमृत्यूंचे अहवाल पुढे ठेवतो. ते अहवाल त्यानं घरी बसून रचलेले नसतात.

हो, पैसेवाले महागडे वकील लावून वर्षानुवर्षं रखडवतात, हे खरंच आहे. मामाचा भागीदारही तेच करेल.

गेल्या आठवड्यात मामाचा फोन होता. आवाज खोल गेलाय त्याचा. म्हणाला, "त्या ताळेबंदाची झेरॉक्स तुझ्याकडे होती का रे?"

आहे. कपाटात सापडली. उद्या घेऊन जातोय.