आठ हजारांचं पंचांग

आमच्या घरी लग्नाचा मुहूर्त भटजी काढतात. लॅपटॉपचा मुहूर्त मात्र मी काढला आणि तो काढायला मला अकरा महिने लागले.

जानेवारी 2025. माझी लेक मुक्ता इंजिनियरिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला होती आणि माझा जुना लॅपटॉप चालू होईस्तोवर तिची चहा-पोळी होऊन जायची. प्रजासत्ताक दिनाचा सेल लागला होता. तिने एक लॅपटॉप निवडून ठेवला होता: i5-13420H चा प्रोसेसर, 16 जीबी रॅम, कार्डाची सूट धरून 54,490. मी वहीत आकडा लिहिला आणि निवांतपणे म्हणालो, "थांब."

कारण पुण्याहून भाच्याचा फोन आला होता. "मामा, आत्ता नका घेऊ. लास व्हेगसला सीईएसचं प्रदर्शन झालं, नवे प्रोसेसर जाहीर झाले. नवे आले की जुने धाडकन पडतात."

हे तसं खरंच आहे, फक्त 'धाडकन' तेवढं पुण्याचं. प्रोसेसर जानेवारीत स्टेजवर येतो. तो घातलेला लॅपटॉप इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या दारापर्यंत यायला होळी जाते, कधी पावसाळा लागतो. तोवर जुना माल आपल्या भावाने विकला जात असतो. दुकानदाराला घाई कशाची?

जूनमध्ये मी 'नवा' बघायला सिल्व्हर मॉलमध्ये गेलो. Core 5 210H, किंमत 63,990. डब्यावरचं नाव कोरं करकरीत, 'आय' गायब. मी भारावलो. मुक्ताने तिथेच उभ्याउभ्या इंटेलच्या साइटवर दोन्ही प्रोसेसरांची पानं शेजारी शेजारी उघडली. आठ कोर, इकडेही आठ. बारा थ्रेड, इकडेही बारा. कॅशे 12 एमबी, तीही तेवढीच. कमाल वेग जुन्याचा 4.6 गिगाहर्ट्झ, नव्याचा 4.8.

"बाबा, ही 2023 सालची आमटी आहे. वरून फोडणी दिलीय."

खरोखर नवी घडण 'अल्ट्रा' नावाच्या मालिकेत होती आणि तिची किंमत ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. आपल्या बजेटच्या मजल्यावर नवं वर्ष म्हणजे बरेचदा नवं नाव, एवढंच. आणि हे इंटेलपुरतंच नाही, एएमडीचीही तीच तऱ्हा. म्हणजे ज्या नव्याची वाट बघत मी पाच महिने काढले, ते मला जानेवारीतच साडेनऊ हजार कमी देऊन मिळत होतं. हे वहीत लिहिलं नाही.

जुलैत कॉलेजं उघडली आणि विद्यार्थ्यांच्या ऑफर लागल्या. आपला लॅपटॉप 57,990 वर ढिम्म. या महिन्यात किंमत का पडेल? ज्याला घ्यायचाच आहे तोच गिऱ्हाईक असतो. मग दुकानदार करतात काय, तर इंदूरवाले पोह्यांवर शेव टाकतात तसं वरून टाकतात: माउस, बॅग, हेडफोन. त्या शेवेत एक काजू होता. 1,499 रुपये जास्त दिले की वॉरंटी एका वर्षाची तीन वर्षं, शिवाय पडझड झाली तर दुरुस्ती. बिल आणि कॉलेजचं ओळखपत्र ठरल्या मुदतीत कंपनीच्या साइटवर चढवायचं, नाहीतर काजू गेला. मुक्ता स्कूटरवरून कॉलेजला जाते आणि आमचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. एका स्क्रीनच्या खर्चात ती रक्कम कितीदा वसूल झाली असती! पण मी म्हणालो, "किंमत कुठे उतरलीय? दसऱ्याला बघू."

सप्टेंबरात देशभर जीएसटीचा जल्लोष. 22 तारखेपासून दर कमी! मी घरात जाहीर केलं की माझ्या संयमाला सरकारनेच फळ दिलं. सौभाग्यवतींनी पेपर वाचून दाखवला: मोठे टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर. लॅपटॉप आधीपासूनच 18 वर होता. तो जागचा हलला नाही.

पण 23 सप्टेंबरला मोठे सेल सुरू झाले आणि मध्यरात्री मला स्क्रीनवर तोच लॅपटॉप दिसला. 84,990 वर काट मारलेली, खाली 49,990! मी ओरडलो. मुक्ता उठून आली आणि नाव सोडून मॉडेल नंबरचं शेपूट वाचू लागली. शेवटची चार अक्षरं वेगळी होती. या भावंडाला रॅम 8 जीबी आणि स्क्रीन फिकटलेली, धुतलेल्या चादरीसारखी. आपला खरा शेपूटवाला खाली दबून बसला होता: काट तीच, भाव 56,990. आणि त्या काट मारलेल्या आकड्याबद्दल सिल्व्हर मॉलवाला मागेच म्हणाला होता, "भिया, एमआरपी पे तो हम भी नी बेचते." वहीत मागचे आकडे होते म्हणून आम्हाला कळलं की खरी उतरण हजाराची आहे, अठ्ठावीस हजारांची नव्हे.

वर एका बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट, कमाल 3,000. म्हणजे 53,990. अकरा नोंदींतला सगळ्यात खालचा आकडा! मुहूर्त सापडला होता. कार्ड नव्हतं.

आमच्या अख्ख्या इमारतीत ते कार्ड एकट्या दातेकाकांकडे. भला माणूस. संध्याकाळीच नंबर लिहून दिला होता, "ओटीपी आला की फोनवर सांगतो." रात्री साडेबाराला मी सगळं भरलं, बटण दाबलं आणि काकांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेवटी धीर करून त्यांची बेल वाजवली. काकू डोळे चोळत म्हणाल्या, "अहो, ते उज्जैनला गेलेत. नवरात्र बसलं ना, भस्म आरतीच्या रांगेत असतील."

महाकालच्या मंदिरात मोबाइल नेता येत नाही. माझा ओटीपी तिथल्या लॉकरमध्ये, कुणाच्या तरी चपलांच्या सान्निध्यात येऊन पडला होता आणि मुदत संपून गतप्राण झाला होता. सकाळी काका प्रसाद घेऊन आले तेव्हा पानावर 'स्टॉक संपला' होतं.

"दिवाळीला परत येईल हो," काका म्हणाले. मीही तेच म्हणालो. धनत्रयोदशीला आला तो फिकट स्क्रीनवालाच. आपला नोव्हेंबरात दिसला, 59,990 ला. मी म्हटलं, सेल संपलाय, उतरेल. डिसेंबरात 62,490.

"चढला कसा?" मी सिल्व्हर मॉलमध्ये विचारलं. जवळजवळ तीन वर्षं जुना प्रोसेसर, त्याची किंमत वाढते कशी?

"प्रोसेसर का नी भिया, रॅम का भाव देखो." मोठमोठ्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली होती आणि रॅमचे भाव जगभर चढले होते. जुन्या नियमात हे बसत नव्हतं. प्रोसेसर म्हातारा होत असतो, त्याच्या शेजारी सोल्डर केलेली रॅम तरुण होत असते. पुढे अजून चढेल, असं तो म्हणाला. दुकानदार हे नेहमीच म्हणतो, म्हणून मी चार दिवस थांबलो. त्या वेळी तो खरं बोलत होता.

62,490. एका वर्षाची वॉरंटी. बॅग फुकट.

रात्री सौभाग्यवतींनी वही मागितली. पहिला आकडा वाचला, शेवटचा वाचला, वजाबाकी तोंडीच केली. "आठ हजार," एवढंच म्हणाल्या आणि वही घेऊन आत गेल्या.

जानेवारीत भाच्याचा फोन आला. "मामा, सीईएस सुरू झालं! या वेळी इंटेलची खरोखर नवी..."

मी सवयीने वही शोधली. ती फ्रिजवर होती. उरलेल्या पानांवर दुधाचा हिशेब चालू झाला होता.