शनिवार तुमचाच, फक्त रविवारी साडेनऊला उठा

"सर, झोपेवरचा तुमचा लेख पटला नाही. लवकर निजे वगैरे सांगायला घरी आजोबा आहेत. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. अभ्यासिकेतून अकराला सुटतो, मग एकपर्यंत गेम, आठला उठतो. शनिवारी चार वाजतात, म्हणून रविवारी साडेबाराला उठतो. तेही सोडलं तर पुण्यात माझं उरतं कोण?"

गेम सोडू नका, शनिवारही सोडू नका. विशीत शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं, त्यामुळे आजोबांचं वेळापत्रक तुम्हाला झेपणारही नाही. एक ते आठ ही सात तासांची झोप मला मान्य आहे. माझं भांडण रविवारच्या साडेबाराशी आहे.

इतर दिवशी तुमच्या झोपेचा मध्य साडेचारला येतो. शनिवारी तो सव्वाआठला जातो. म्हणजे एका रात्रीत घड्याळ पावणेचार तास सरकवायला बघता. यालाच सोशल जेटलॅग म्हणतात. त्यात झोप येण्यासाठी आधी बराच वेळ जागं असावं लागतं. साडेबाराला उठलेला माणूस रात्री एकला जेमतेम साडेबारा तास जागा असतो, एरवी तुम्ही सतरा तास जागे असता. मग रविवारी तीनपर्यंत कूस बदलत पडायचं आणि सोमवारी अभ्यासिकेत पुस्तकावर डोकं टेकायचं. यात दोष शनिवारचा कमी, उठण्याच्या वेळेचा जास्त.

म्हणून चारला झोपलात तरी साडेनऊला उठा आणि खोलीत न रेंगाळता चहाला बाहेर पडा. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की घड्याळ आणखी उशिराकडे सरकणं थांबतं. झोप दीड-दोन तास कमी पडेल, ती दुपारी थोडी भरून काढा: तीनच्या आत, पंचवीस मिनिटांचा गजर लावून. खरा घात इथेच होतो. रविवारी मेसला फीस्ट, संध्याकाळी मेस बंद, त्यामुळे पोटभर जेवून आडवं झालेलं पोर थेट सहाला उठतं. गजर हाताशी न ठेवता टेबलावर ठेवा. आणि त्या दिवशी सिंहगडला गाडी काढू नका, अपुऱ्या झोपेवर घाटात गाडी चालवणं नको.

रोजच्या गेमचं म्हणाल तर 'एकला बंद' हा नियम टिकत नाही. रँक्ड मॅच अर्धवट सोडली की दंड बसतो, शिवाय टीम शिव्या घालते. त्यापेक्षा सव्वाबारानंतर नवी मॅच लावायची नाही, असं टोळीलाच सांगून ठेवा. चालू असलेली आरामात संपवा.

जमतंय की नाही हे रविवारी रात्रीच कळेल. एकच्या सुमारास आडवं झाल्यावर अर्ध्या तासात डोळा लागला तर ठीक. तासभर लागत नसेल तर आधी दुपारची डुलकी आणि संध्याकाळची कॉफी तपासा. सलग दोन रात्री चार वाजवलेत तर मात्र हा हिशोब लागू पडत नाही. आणि सुट्टीत गावी, गेम नसतानाही, महिनोन्‌महिने चारच्या आत झोप येतच नसेल, तर ते सवयीचं प्रकरण नाही. झोपेच्या डॉक्टरांना दाखवा.