३३ लिटर मेथी

काल एका शोरूममधून मला मेथीच्या जुडीसकट बाहेर काढलं. म्हणजे हाताला धरून नाही. "मॅडम, तेवढी भाजी बाहेर घेता का? डेमो गाडी आहे, वास राहतो," एवढंच तो मुलगा म्हणाला. पण ज्या सुरात म्हणाला, तो सूर रात्री कणीक मळतानाही माझ्या कानात होता.

स्कूटर बघायला मेथी कशाला, हा प्रश्न घरीही विचारून झालाय. माझं रोजचं ओझं ठरलेलं आहे. पाच वर्षांची लेक, तिचं दप्तर, भाजीची पिशवी, आणि आठवड्यातून एकदा पाच किलो कणकेचं पोतं. गेल्या महिन्यापर्यंत लेक पुढे फूटबोर्डवर उभी राहायची. आता तिची उंची अशी झालीय की पुण्याचे रस्ते मला तिच्या दोन रिबिनींच्या फटीतून दिसतात. त्यात ब्रेक जोरात लागला की हनुवटी थेट मीटरवर. एकदा लागली. म्हणून तिला मागे बसवायचं ठरलं, आणि मग कळलं की आमच्या सात वर्षं जुन्या गाडीत मागे जागाच नाही.

तर मी शिवणकामाची टेप, लेक आणि त्या दिवसाची सगळी भाजी घेऊन शोरूममध्ये गेले. मुलाने सीट उचलली आणि अभिमानाने म्हणाला, "तेहतीस लिटर, मॅडम." आता लिटर हे पाण्याचं माप. पाणी सांगाल त्या कोपऱ्यात शिरतं. कलिंगड शिरत नाही. डब्याचा तळ सपाट आहे की मध्येच उंचवटा आहे, तोंड रुंद आहे की आत गेल्यावर पसरतं, हे लिटर सांगत नाही. ते कणकेचं पोतं आडवं ठेवून सीट बंद केली की कळतं. सीट दाबावी लागली, तर समजावं की रोज दाबावी लागणार, आणि महिनाभरात टोमॅटोच्या दिवशीही सवयीने दाबली जाणार.

गाडीगाडीच्या डब्यात एवढा फरक येतो कुठून, हे मात्र त्या मुलाने नीट सांगितलं. (राग त्याच्या सुरावर आहे, ज्ञानावर नाही.) अ‍ॅक्टिव्हाचा डबा १८ लिटरचा, कारण पेट्रोलची टाकी सीटच्या मागच्या भागाखाली असते आणि डब्याला उरलेल्या जागेत भागवावं लागतं. ज्युपिटर १२५ मध्ये टाकी फूटबोर्डाखाली नेली, म्हणून ३३ लिटर. इलेक्ट्रिक रिझ्टामध्ये सीटखाली ३४. तिथे बॅटरी पायाखाली असते, आणि अशा गाड्यांवर बसताना गुडघे किती वर येतात ते आधी पाहावं. मधल्या फटीत पिशवी बसायला हवी ना. पेट्रोलच्या गाडीत आणखी एक गोष्ट. डब्याखाली इंजिन. मंडईतून घरी अर्धा तास लागला की कोथिंबीर आपोआप वाफवून मिळते.

मी मेथी, कांदे आणि पोतं डब्यात लावत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "डबा कशाला हवा?"

काका. नव्या गाडीची डिलिव्हरी घ्यायला आलेले. हातात हार, नारळ आणि पिवळं लिंबू. पूजेला पंधरा मिनिटं होती आणि ती कुठे घालवायची ते त्यांना माझ्याकडे बघून सुचलं.

"आमच्या स्कूटरला डबा नव्हता. पुढे एवढासा खण. त्यात फडकं, जादा प्लग आणि पाना. बास. मुलगा पुढे उभा, मागे ही, हिच्या मांडीवर मुलगी, आणि पायात गॅसचा सिलिंडर."

"मग तुम्ही पाय कुठे ठेवायचात?"

काका क्षणभर विचारात पडले. "सिलिंडरवर."

"आणि ब्रेक? तो पायानेच मारायचा ना तेव्हा?"

"ब्रेक लागायचा कोणाला! रस्ते रिकामे होते."

इतका वेळ प्रसादाचे पेढे सांभाळत बसलेल्या काकू पहिल्यांदा बोलल्या. "पर्वतीपाशी पडलो होतो आपण."

"पडलो नव्हतो, टेकलो होतो."

"सिलिंडर उताराने गेला होता."

"परत आणला की!" असं म्हणून काका माझ्याकडे वळले आणि अत्यंत समंजस आवाजात म्हणाले, "ताई, हल्लीच्या बायकांना सामानच फार लागतं."

पाच किलो कणीक ही जणू माझी हौस. घरी पोळ्या चार माणसं खातात, पण पोतं आणणारी 'हल्लीची बाई' एकटीच. यावर उत्तर होतं माझ्याकडे, पण लेक नारळाकडे बघून "फोडा ना" म्हणत होती, आणि मला अजून सीट मोजायची होती.

सीटचं गणित मी घरूनच करून गेले होते. मी ३६ सेंटिमीटर (हिवाळी स्वेटरसह ३८, यावर चर्चा नको), लेक २२, पाठीवरचं दप्तर १८. बेरीज ७६. अ‍ॅक्टिव्हाची सीट साधारण ६९ सेंटिमीटरची, म्हणजे सातभर दप्तर मागच्या लोखंडी दांड्यावर जातं, ते लेकीला पुढे ढकलतं, लेक मला ढकलते, आणि मी सीटच्या टोकावर येते. ज्युपिटर १२५ ची ७९, त्यात जेमतेम जमतं. रिझ्टाची ९०, तिथे स्वेटरसुद्धा बसतो. पण लांबीने एक गोष्ट सुटत नाही, लेकीचे पाय. मागच्या फूटरेस्टला ते पोचतात का, हे टेप सांगत नाही, लेकीला बसवूनच बघावं लागतं. काल एकाही गाडीवर पोचले नाहीत. लोंबकळणारे पाय घेऊन ती माझ्या कमरेला घट्ट धरणार, पट्टा बांधायचा, हेल्मेट घालायचं (चार वर्षांवरच्याला ते सक्तीचंच), आणि मी हळू जाणार.

आणि तेव्हाच ते लक्षात आलं. लेक मागे बसली, पट्टा लावला, दोन दुकानं झाली, तिसरीकडे कोथिंबीर घेतली. आता डबा उघडायचा तर लेकीला उतरवावं लागणार. पट्टा सोडा, भर रस्त्याच्या कडेला उभी करा, सीट उचला, कोथिंबीर टाका, परत चढवा. डबा ३३ लिटरचा असो की ३०० चा, त्याचं झाकण म्हणजे माझी मुलगी. म्हणजे शेवटची पिशवी फूटबोर्डवर आणि हुकालाच. मी हुकाला भरलेली पिशवी अडकवून हँडल पूर्ण वळवून बघितलं. डावीकडे वळताना ती गुडघ्यावर आपटली. उजवीकडे वळताना मेथीची दोन पानं गळली.

तीच पानं त्या मुलाने बघितली.

मी सगळं काढलं, पिशवी घेतली, लेकीला धरलं. बाहेर काकांनी लिंबावरून गाडी नेली होती. गाडीसोबत मिळालेलं हेल्मेट डब्यात घालून ते सीट दाबत होते. सीट बंद होत नव्हती. काकूंनी शेवटी हेल्मेट मांडीवर घेतलं, त्यात पेढे ठेवले आणि मागे बसल्या.

रात्री त्याच मेथीची भाजी केली. लेकीने ताट सरकवलं.

"वास येतो," म्हणाली.