उणे दोन सेकंद

गणिताच्या मास्तराला एक सुख असतं, जे मराठीच्या मास्तराला सात जन्म मिळायचं नाही. उत्तर एकच असतं. पेपर तपासताना नजर थेट शेवटच्या ओळीवर टाकायची, तिथं अपेक्षित आकडा दिसला की मग वरचं वाचायचं, तेही मन असेल तर. चार मिनिटांत एक पेपर उडवायचा, गठ्ठा बांधायचा आणि घरी जायचं. हे सुख मी या वर्षी स्वतःच्या हातानं घालवलं.

झालं असं की एका कार्यशाळेला मला पाठवण्यात आलं. (विभागात रजा शिल्लक असलेला मीच होतो.) तिथून येताना मी एक फोल्डर, एक पेन आणि एक कल्पना घेऊन आलो. फोल्डर फाटलं, पेन चाललं नाही, कल्पना मात्र टिकली: द्वितीय वर्षाला इंटर्नलसाठी मोकळा प्रश्न द्यायचा. मी फळ्यावर लिहिलं, ‘साडेदहाच्या ब्रेकमध्ये आपल्या कॅन्टीनच्या रांगेतल्या सगळ्यांना चहा मिळत नाही. काय करता येईल?’

वर्ग फळ्याकडे बघत राहिला. प्रश्न अजून यायचा आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

“सर, आकडे?”

“तुम्ही आणायचे.”

“फॉर्म्युला कुठला लावायचा?”

“तुम्ही ठरवायचा.”

“मग सर, तुम्ही काय करणार?”

“मी तपासणार.”

मग मी रुब्रिक वाचून दाखवलं. एकूण 30 गुण: गृहीतकांना 10, पद्धतीला 10, मांडणीला 10. पहिल्या बाकावरच्या मुलीनं बेरीज केली आणि विचारलं, “आणि बरोबर उत्तराला?” मी म्हटलं, शून्य. तिचा चेहरा असा झाला की जणू मी देवळातून मूर्तीच उचलून नेली.

पुढचा आठवडाभर कॅन्टीनमध्ये मोबाइलचं स्टॉपवॉच धरलेली पोरं गल्ल्याभोवती घुटमळत होती. मामांनी दोन दिवस त्यांना अन्न तपासणीवाले समजून काउंटर पुसून घेतला. तिसऱ्या दिवशी ओळख पटल्यावर पुसणं थांबलं.

अकरा ग्रुपांचे अकरा रिपोर्ट आले. आकड्यांवर बहुतेकांचं एकमत होतं: ब्रेक 20 मिनिटांचा, चहाला येणारे साधारण 180, ते सगळे पहिल्या पाच मिनिटांत येऊन थडकतात आणि एका माणसाला चहा देऊन मोकळं करायला मामांना 8 सेकंद लागतात. 180 गुणिले 8 म्हणजे 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं. ब्रेक संपतो तेव्हा दीडशे जणांच्या हातात ग्लास असतो आणि तीस जण मामांच्या तोंडाकडे बघत असतात. इथवर चौथीचं गणित आहे. खरी गंमत पुढे.

गृहीतकांना 10 गुण म्हटल्यावर एका ग्रुपनं 23 गृहीतकं लिहिली. ब्रेकमध्ये भूकंप होणार नाही. मामा आजारी पडणार नाहीत. ग्लास काचेचा आहे. मी त्यांना बोलावून समजावलं की बाबांनो, जे जे खरं ते ते गृहीतक नव्हे. गृहीतक खोडून बघायचं. उत्तर हललं तर ठेवायचं, नाही हललं तर ते निबंधात जाऊ दे. ही कसोटी मला स्वतःलाच इतकी आवडली की त्या धुंदीत मी बाकीच्या रिपोर्टांवरही लाल पेन चालवला. एकानं सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं, ‘चहा संपणार नाही असे मानले आहे.’ मी त्यावर रेघ मारून बाजूला लिहिलं, ‘हे सांगायला हवं का?’ आणि एक गुण कापला.

मग तो रिपोर्ट हातात आला. मुखपृष्ठ रंगीत, आत रांगेच्या शास्त्राचा थेट M/M/1 फॉर्म्युला. हे शास्त्र गेल्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या एर्लांगनं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना उभं केलं. एका वेळी किती फोन येतील आणि त्याला किती तारा लागतील, हा त्याचा प्रश्न होता. येण्याचा दर λ, सेवेचा दर μ, आणि येण्यापासून चहा हातात पडेपर्यंतचा सरासरी वेळ W = 1/(μ − λ). पोरांनी इमानदारीनं आकडे घातले. पाच मिनिटांत 180 म्हणजे मिनिटाला 36 जण येतात. आठ सेकंदांना एक म्हणजे मिनिटाला साडेसात जातात. W = 1/(7.5 − 36). उत्तर आलं उणे 0.035 मिनिटं, म्हणजे उणे दोन सेकंद.

विद्यार्थी कॅन्टीनमध्ये पोचायच्या दोन सेकंद आधी त्याच्या हातात चहा असतो!

यावर पोरं थांबली असतील असं मला वाटलं. त्यांनी पुढच्या ओळीत लिहिलं होतं: ‘वेळ ऋण नसल्याने चिन्ह सोडून दिले. ∴ थांबण्याचा वेळ 2 सेकंद. समस्या अस्तित्वात नाही.’

दुसऱ्या परीक्षक मॅडमनी या रिपोर्टला पद्धतीचे 10 पैकी 7 दिले होते. मी 2. स्टाफरूममध्ये आमची जुंपली. मॅडम म्हणाल्या, “सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, दशांश चिन्हसुद्धा जागेवर आहे.” मी म्हटलं, “मॅडम, हे सूत्र येणारे कमी आणि जाणारे जास्त असतील तेव्हाच चालतं. इथं रांग वाढतच जाते, स्थिर होतच नाही. तो उणे म्हणजे सूत्र ओरडून सांगतंय की मला इथं लावू नका.” मॅडमनी शांतपणे माझं रुब्रिक पुढे केलं. त्यात लिहिलं होतं, ‘पद्धत योग्य असावी.’ योग्य म्हणजे काय, ते कुठंच नव्हतं. म्हणजे ज्या पापासाठी मी पोरांचे गुण कापत होतो, तेच मी रुब्रिकमध्ये केलं होतं. त्या दुपारी दोन चहा पिऊन आम्ही ओळ बदलली: ‘निवडलेली पद्धत स्वतःच्या गृहीतकांना धरून आहे का, आणि आलेलं उत्तर प्रत्यक्षात शक्य आहे का, हे तपासलं आहे.’ नव्या ओळीनं मॅडम 4 वर उतरल्या, मी 3 वर चढलो. अकरा रिपोर्ट पुन्हा तपासले. पुन्हा. सगळे. चार मिनिटांचा जमाना आठवून डोळे भरून आले.

त्या ‘चहा संपणार नाही’वाल्यांचा रिपोर्ट मात्र दुसऱ्या वाचनात चमकला. पहिल्या वाचनात अक्षर पाहूनच मी कंटाळलो होतो. त्यांनी ‘एक माणूस, एक चहा’ असं गृहीत धरून सुरुवात केली आणि रांगेत उभं राहिल्यावर त्यांना दिसलं की एक मुलगी सहा मैत्रिणींचा चहा एकदम घेऊन गेली. बाकीच्या ग्रुपांनी हिला ‘अपवाद’ म्हणून गाळलं होतं. या पोरांनी तिच्यावर स्टॉपवॉच लावलं. त्यांना आढळलं की 8 सेकंदांपैकी चहा ओतायला लागतात फक्त 2. उरलेले 6 पैशांत जातात: कोड स्कॅन करा, रक्कम टाका, डबा ‘रुपये प्राप्त झाले’ म्हणेपर्यंत मामा मान वर करत नाहीत. पैसे माणसागणिक, ओतणं कपागणिक. मग एका ओळीत त्यांनी लिहिलं:

T = N(a/k + b)

N म्हणजे 180 कप, a पैशांचे 6 सेकंद, b ओतण्याचे 2, आणि k म्हणजे एका माणसानं किती कप न्यायचे. k एक असेल तर 24 मिनिटं. तिघांमागे एक रांगेत आला तर 12. सहांमागे एक आला तर 9. पुढे कितीही वाढवा, 6 मिनिटांच्या खाली येत नाही, कारण ओतायला तेवढी लागतातच. शिवाय सहापेक्षा जास्त ग्लास धरायला माणसाला हात नाहीत, हेही त्यांनी नोंदवलं होतं. त्यापुढे जे केलं ते मी शिकवलंही नव्हतं. नेट ढेपाळलं आणि पैशांना 6 ऐवजी 10 सेकंद लागले तर? एकेकट्याच्या रांगेला 24 ची 36 मिनिटं होतात, सहाच्या रांगेला 9 ची फक्त 11. गाळलेला अपवाद हाच उपाय निघाला.

राहिली मांडणी. अमेरिकेत 1985 पासून कॉलेजच्या पोरांसाठी MCM नावाची गणिती मॉडेलिंगची स्पर्धा चालते. तिथं रिपोर्टच्या पुढे एका पानाचा सारांश लागतो आणि कधीकधी कुणा गणित न येणाऱ्याला पत्रही लिहावं लागतं. मी पत्राची अट उचलली: मामांना समजेल असं एक पान. एका ग्रुपनं सुरुवात केली, ‘आदरणीय मामा, आपला μ अत्यंत कमी आहे.’ मामांनी ते पत्र मला आणून दाखवलं. “सर, हा म्यू कोण? आपल्याकडं कामाला तर नाही.” चमकलेल्या ग्रुपचं पत्र दोन ओळींचं होतं: ‘मामा, सहा जणांत एकानंच रांगेत यायचं अशी पाटी लावा. रांग नऊ मिनिटांत संपेल.’ मामांनी पाटी लावली.

सोमवारी मी स्वतः घड्याळ घेऊन उभा राहिलो. रांग धावत होती. सहा ग्लास, डबा बोलला, पुढचा. सहा ग्लास, डबा बोलला, पुढचा. पाचव्या मिनिटाला मामांनी पातेलं तिरपं केलं, गाळण्यात चोथा पडला आणि रांग थांबली.

पातेल्यात शंभर कप मावतात. जुन्या चालीनं ते सव्वातेरा मिनिटं पुरायचे आणि तोवर शेगडीवरचं दुसरं पातेलं उकळायला यायचं. नव्या चालीनं शंभर कप पाच मिनिटांत उडाले. “सर,” मामा पळीनं दुसरं पातेलं ढवळत म्हणाले, “रांग हळू होती म्हणून तर चहा पुरत होता.” ऐंशी कपांचे धनी नऊ मिनिटं त्या पातेल्याकडे बघत उभे राहिले, आणि पातेल्याकडे बघून झालं की माझ्याकडे. शेवटचा ग्लास अठराव्या मिनिटाला गेला. ब्रेकच्या आत गेला, हे मी दोघातिघांना सांगून पाहिलं.

तेवढ्यात तो सात नंबरवाला पोरगा आला. हातात रिपोर्ट, पान दोन उघडलेलं, माझी लाल रेघ वर. काही बोलला नाही. नुसता उभा राहिला.

गुण ऑफिसला जाऊन चार दिवस झाले होते. बदलायचे तर अर्ज, विभागप्रमुखांची सही आणि ‘गुणबदलाचे कारण’ असा एक रकाना, एका ओळीचा. क्लार्क म्हणाले, सर, थोडक्यात लिहा. मी लिहिलं, ‘चहा संपला.’